होयबाने दिलेला गुरुवार

त्याला नाव आहे, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. शाळेत शेजारच्या बाकावर बसणाऱ्या पेंटरने त्याला ‘होयबा’ म्हणायला सुरुवात केली, मग वर्गाने म्हटलं, मग गल्लीने, आणि लग्नानंतर महिन्याभरात बायकोसुद्धा मनातल्या मनात तेच म्हणू लागली. होयबा म्हणजे साहेबापुढे मान डोलावणारा माणूस, असा कुणाचा समज झाला असेल तर तो आधी पुसून टाकावा. याने जन्मात कुणाची हांजी हांजी केली नाही. याची खोड निराळी. याच्या तोंडून ‘नाही’ निघत नाही.

कुणी म्हणावं, रविवारी माळा साफ करायचाय, येशील का? हा म्हणणार, येतो. त्याच रविवारी दुसऱ्याच्या भाच्याचा साखरपुडा असतो, त्यालाही हा येतो म्हणून बसलेला असतो. तिसऱ्याला पंखा लावून द्यायचं कबूल केलेलं असतं. रविवार उजाडतो तेव्हा हा बिचारा पलंगाच्या कडेला डोकं धरून बसतो, कारण तिन्ही ठिकाणी एकाच वेळी जाण्याची सोय अजून कुणी काढलेली नाही. मग कुठेच जात नाही. फोन बंद ठेवतो. मनात कपट नसतं हो, उलट समोरच्याचं मन मोडवत नाही म्हणून हे सगळं. पण ज्याचा माळा तसाच राहिला त्याला तुमच्या मनाचा काय उपयोग? बायको एकदा म्हणाली, “तुमचा ‘येतो’ म्हणजे दुकानाच्या पिशवीवर ‘पुन्हा या’ छापलेलं असतं ना, तसा आहे. वाचतं कोण ते?”

एवढं सगळं खरं असलं तरी कामात मात्र होयबा वेगळा माणूस होता. तो पाय बनवायचा. अपघातात, आजारात ज्यांचा पाय गेला त्यांना नवा पाय बसवून देणारी एक कार्यशाळा एका दवाखान्याच्या मागच्या अंगाला आहे, तिथे तो पंचवीसेक वर्षं होता. प्लॅस्टरच्या धुळीने त्याच्या भुवया कायम पांढऱ्या. तिथे त्याची जीभ कधी घसरली नाही. “दादा, दोन दिवसांत धावेन ना?” असं कुणी विचारलं तर तो सरळ सांगायचा, “आधी नीट उभं राहू या.” प्लॅस्टरला आणि हाडाला खोटं सांगता येत नाही, हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं होतं. माणसांनाही येत नाही, हे कळायला मात्र पन्नाशी उलटली.

आता पेंटरचं सांगतो, कारण गोष्ट त्याचीही आहे. पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवतो. आताशा सगळ्या पाट्या छापून येतात, तरी हातानेच अक्षर हवं म्हणणारी काही चोखंदळ गिऱ्हाइकं आहेत, त्यांच्यावर त्याचं चाललंय. लग्न केलं नाही, एकटाच असतो. बोलायला तिखट, पण होयबाला त्याच्याइतकं जवळचं कुणी नव्हतं. नव्हतं असं म्हणतो, कारण गेल्या वर्षी बिनसलं. पेंटरने घर बदललं. सामान हलवायला दोन पोरं यायला तयार होती. होयबा म्हणाला, “कशाला त्यांना त्रास देतोस, मी येतो की.” पेंटरने त्या पोरांना नको म्हणून कळवलं. आणि होयबा आला नाही. त्याच दिवशी तो आणखी दोघांना येतो म्हणाला होता. शेवटी पेंटरने आणि टेम्पोवाल्याने मिळून लोखंडी कपाट जिन्यावरून चढवलं, आणि पेंटरची पाठ धरली ती धरलीच. भांडण असं झालं नाही. पेंटर फक्त एवढंच म्हणाला, “तुझं चुकलं नाही रे. मीच तुझ्यावर विसंबलो.” त्यानंतर त्यांच्यात फोनवरच्या सकाळच्या फुलांच्या चित्रांपलीकडे काही गेलं-आलं नाही. तीही होयबाच पाठवायचा.

त्या मंगळवारी सकाळी होयबा कार्यशाळेत शिरतो न शिरतो तोच फोन वाजला. पेंटरचा निरोप होता. “आज भेटशील का? पाचच्या सुमारास. घरीच आहे.”

बस्स, इतकंच. ना कसा आहेस, ना कशासाठी. होयबा दारातच थांबला. इतक्या महिन्यांनी या माणसाने आपण होऊन हाक मारली होती. त्याला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत टचकन पाणी आलं. आणि मागचापुढचा विचार न करता अंगठ्याने सवयीप्रमाणे लिहूनही टाकलं, “हो येतो.”

पाठवायचं तेवढं राहिलं होतं, कारण त्याच वेळी दार ढकलून टपालवाल्या ताई आत आल्या.

या ताई एका दूरच्या वस्तीत घरोघर टपाल वाटायच्या. वर्षापूर्वी गाडीखाली पाय सापडला आणि गुडघ्याखालून काढावा लागला. त्यांचा नवा पाय तयार होता, आज तो घालून त्यांना चालवायचं होतं. दोन गाड्या बदलून त्या आल्या होत्या. बरोबर बहीण होती, तिने दिवसाची रजा टाकली होती. आणि बुधवारी ताईंना कामावर हजर व्हायचं होतं. सुरुवातीला खिडकीवरचं काम, पण हजर व्हायचं होतं. हे काम घाईचं नाही. पाय नुसता चढवला आणि झालं, असं नसतं. आत पाय जिथे बसतो ती वाटी मापाची असली तरी खालच्या पंजाचा कोन चालताना बघूनच जुळवावा लागतो. दोन दांड्यांच्या मध्ये माणसाला चालवायचं, समोरून बघायचं, मागून बघायचं, बाजूने बघायचं. गुडघा बाहेर फेकला जातोय का, कंबर एका बाजूला कलतेय का, टाच आधी टेकतेय का. मग बसवायचं, स्क्रू जरासा फिरवायचा, परत चालवायचं. मध्येच पाय काढून कातडीवर लाल डाग कुठे उठलाय ते पाहायचं आणि थांबायचं. डाग विरला तर ठीक, नाही विरला तर तिथे वाटी टोचतेय, ती घासायची. हे सगळं पुन्हा पुन्हा. दुपार जाते, कधी संध्याकाळ जाते.

होयबाने हातातल्या फोनकडे पाहिलं. ‘हो येतो’ तसंच तिथे बसून होतं.

त्याच्या मनात जुना हिशेब सुरू झाला. साडेचारला उरकलं तर? लाल डागाची शेवटची फेरी टाळली तर? ताईंना सांगू, दुखलं तर पुढच्या आठवड्यात या. म्हणजे पेंटरकडेही जाता येईल. आणि दुसरी वाट तर नेहमीचीच, आत्ता हो म्हणावं आणि पाच वाजता बघावं. पण पाच वाजता काय बघणार होता, हे त्याला ठाऊक होतं. पाच वाजता तो ताईंच्या पायाशी वाकलेला असणार आणि पेंटर खिडकीशी बसून जिन्यातल्या प्रत्येक पावलाकडे कान देणार. तेही पाठ धरलेल्या अवस्थेत. या वेळी पेंटरने नंबर पुसून टाकला असता आणि त्याचं चुकलं असतं असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

त्याने ‘हो येतो’ खोडलं.

पण खोडून झाल्यावर लिहायचं काय, हा खरा पेच. ज्याने आयुष्यात नाही म्हटलं नाही त्याला ते कसं म्हणतात हेच माहीत नसतं. ताईंना बाकावर बसवून, पाणी देऊन, तो कोपऱ्यात गेला. पहिल्यांदा लिहिलं, “आज जरा गडबड आहे, बघू नंतर कधीतरी.” वाचलं आणि त्यालाच ते थंड वाटलं. कधीतरी म्हणजे कधी नाहीच. मग दुसऱ्यांदा सुरुवात केली ती थेट कपाटापासून. मागच्या वेळी असं झालं, तसं झालं, माझा नाइलाज होता, तुझी पाठ आता कशी आहे, आज कामावर एक माणूस कमी आहे, घरी पाहुणे आहेत, माझंही डोकं दुखतंय. पडदाभर मजकूर झाला. त्यातले पाहुणे आणि डोकेदुखी तर खरीही नव्हती.

कोपऱ्यातच शिलाई मशीन होती आणि मशीनवर मावशी. पायाचे पट्टे शिवायचं काम त्यांचं. तिथल्या सगळ्यांत जुन्या त्या, होयबाला नवखा असल्यापासून ओळखत होत्या. बराच वेळ तो अंगठा आपटतोय हे पाहून त्यांनी मशीन थांबवली.

“काय रे, कादंबरी लिहितोयस का?”

त्याने सगळं सांगितलं. फोनही दाखवला. मावशींनी चष्मा कपाळावर ढकलून तो मजकूर वाचला.

“यात तुझं डोकं दुखतंय, पाहुणे आलेत, माणूस कमी आहे. इतकी कारणं कोण देतं माहीत आहे? ज्याला यायचं नसतं तो.”

“मला जायचंय मावशी.”

“मग ते लिही ना. कारण एकच लिही, खरं असेल ते. आणि मित्राला कारण नको असतं रे, त्याला वार लागतो. अमक्या वारी, इतक्या वाजता. तेवढं दिलंस की तो तुझी वाट बघू शकतो. बघू म्हटलंस की नुसता लटकतो.”

“गुरुवारी म्हणू?”

“मला काय विचारतोस? गुरुवारी तू मोकळा आहेस का?”

होयबाने आठवून पाहिलं. गुरुवारी तो मोकळा नव्हता. गुरुवारी संध्याकाळी इमारतीतल्या रहिवाशांच्या बैठकीला येतो म्हणून त्याने सचिवांना कबूल केलं होतं. शिवाय गुरुवारी कार्यशाळा साडेपाचला सुटते. म्हणजे मोठ्या मनाने गुरुवार देऊन टाकला असता तर दिवस बदलला असता, खोड तीच राहिली असती. मावशींनी मशीन परत सुरू केली.

मग त्याने जे केलं त्याला आपल्या लेखी दहाच मिनिटं लागतील, पण त्याच्यासाठी तो डोंगर होता. आधी तो विभागप्रमुख मॅडमकडे गेला. “गुरुवारी साडेचारला निघू का? एका मित्राला भेटायचंय.” मॅडमनी वर पाहिलं. इतक्या वर्षांत या माणसाने स्वतःसाठी काही मागितल्याचं त्यांना आठवत नव्हतं. म्हणाल्या, “निघा की.” मग त्याने सचिवांना फोन लावला. सचिव म्हणजे पाणी आलं का विचारलं तरी भाषण देणारा माणूस. होयबा म्हणाला, “गुरुवारी मला बैठकीला येता येणार नाही.” पलीकडे शांतता पसरली. सचिव म्हणाले, “तुम्ही तसेही कधी येत नाही, पण सांगितलंत आज पहिल्यांदा. चालेल.” होयबाला हसावं की लाजावं कळेना. शेवटी बायकोला फोन करून विचारलं, “गुरुवारी संध्याकाळी घरी काही आहे का माझ्या नावावर?” बायको म्हणाली, “काही नाही. बरं आहे ना तुम्हाला?”

एवढं करून तो परत कोपऱ्यात आला आणि त्याने लिहिलं.

“पेंटर, तू आठवण काढलीस, फार बरं वाटलं. पण आज मला जमणार नाही. एका ताईंना आज नवा पाय घालून चालवायचंय, त्या लांबून आल्यात आणि ते काम संध्याकाळपर्यंत सोडता येणार नाही. गुरुवारी पाच वाजता येतो. कामावर विचारून घेतलंय. मीच तुझ्याकडे येतो, तू जिना उतरू नकोस. गुरुवार तुला सोयीचा नसेल तर शनिवारी सकाळी. आणि आजच बोलण्यासारखं, न थांबणारं काही असेल तर तसं सांग, काम संपलं की लगेच फोन करतो.”

दोनदा वाचलं. ‘माफ कर’ घालावं असं वाटलं. मग वाटलं, माफी मागायची ती कपाटाची, आणि ती तोंडाने मागायची, यात कोंबायची नाही. पाठवून दिलं आणि फोन मावशींच्या मशीनच्या खणात ठेवून दिला, म्हणजे सारखं बघणं नको.

दुपारभर तो ताईंच्या बरोबर होता. आणि खरं सांगायचं तर इतक्या मोकळ्या मनाने त्याने बऱ्याच दिवसांत काम केलं नव्हतं. कारण कुठे पोचायचं नव्हतं. घड्याळ भिंतीवर होतं तिथेच होतं. ताई पहिल्या फेरीत घाबरून दांड्या इतक्या घट्ट धरत होत्या की पायावर भार पडतच नव्हता. होयबा म्हणाला, “ताई, दांड्या पळून जाणार नाहीत. जरा सैल धरा.” बहीण हसली, मग ताई हसल्या. तिसऱ्या-चौथ्या फेरीला पंजा आत वळतोय हे त्याने मागून पाहिलं, बसवलं, स्क्रू फिरवला. मग नडगीच्या कडेला एक लाल डाग उठला आणि काही केल्या विरेना. ही तीच फेरी होती जी तो घाईत टाळणार होता. त्याने वाटी काढली, आतून त्या जागी घासली, परत घातली, परत चालवलं, परत पाहिलं. डाग फिका झाला आणि गेला. दिवे लागायच्या सुमाराला ताई दांड्या सोडून दारापर्यंत गेल्या आणि स्वतःच वळून परत आल्या. बहिणीने तोंडावर पदर दाबला. ताई म्हणाल्या, “दादा, उद्या मी खिडकीवर बसणार नाही. उभी राहणार.” होयबा म्हणाला, “थोडा वेळ बसा, थोडा वेळ उभ्या राहा. आणि डाग उठला तर मला फोन करा.”

त्या गेल्यावर त्याने खणातून फोन काढला. पेंटरचं उत्तर दुपारीच येऊन पडलं होतं. “बरं. गुरुवार.”

दोन शब्द. त्यातून राग काढावा तर राग निघत होता, समाधान काढावं तर समाधान. होयबाने घरी जाताना ते दोन शब्द वाटेत अनेकदा वाचले. बायकोला वाचून दाखवले. ती म्हणाली, “चांगलंच आहे की. तुम्हाला आता एवढंच करायचंय, जायचंय.”

एवढंच. पण गुरुवारी काय झालं पाहा. सकाळी उठल्याउठल्या त्याने पेंटरला लिहिलं, “आज पाच वाजता येतोय.” पलीकडून नुसता अंगठा आला. दिवस सुरळीत गेला आणि सव्वाचारला एक गृहस्थ पायाचा तुटलेला पट्टा हातात घेऊन दारात उभे. “पाच मिनिटांचं काम आहे हो, तुम्हीच बघा, तुमच्याशिवाय कुणाला जमत नाही.” होयबाच्या ओठांवर हो आलाच होता. त्याची पाच मिनिटं म्हणजे किती ते सगळ्या कार्यशाळेला माहीत होतं. त्याने तो हो गिळला आणि म्हणाला, “मला आत्ता निघायचंय. पट्ट्याचं काम मावशींचं, त्या माझ्यापेक्षा चांगलं करतात.” मावशींनी मान वर न करता हात पुढे केला आणि पट्टा घेतला.

पेंटरचं नवं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. होयबाने ते अजून पाहिलंच नव्हतं. जिना चढताना एका वळणावर भिंतीचा पोपडा लांबलचक निघालेला दिसला. कपाट तिथेच अडकलं असणार, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तो तिथे घटकाभर थांबला आणि मग वर गेला. पाचला अजून थोडा अवकाश होता आणि दार उघडंच होतं. पेंटर स्वच्छ सदरा घालून, केस विंचरून खुर्चीत बसला होता.

“आलास,” तो म्हणाला.

“आलो. आधी एक सांगतो. कपाटाच्या दिवशी मी तीन ठिकाणी येतो म्हणालो होतो. तुला आधीच नाही म्हणायला हवं होतं. ती पोरं तरी आली असती. माझं चुकलं.”

पेंटरने त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “बस. चहा टाकतो.” आणि स्वयंपाकघरात जाताना वाटेतल्या स्टुलाला अडखळला. भर उजेडात, समोर असलेल्या स्टुलाला. होयबाने ते पाहिलं.

चहा आला. पेंटर समोर बसला आणि कपाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाला, “उजव्या डोळ्यात मोतीबिंदूचा पडदा आलाय. बरेच महिने झाले. पाटीवरची रेघ सरळ येईना तेव्हा दाखवलं. डाव्या डोळ्याचं मागे एकदा बिघडलंय, तुला माहीत आहे. म्हणजे भिस्त सगळी उजव्यावर. ऑपरेशनला तारीख पुढची होती, पण कुणाची तरी रद्द झाली म्हणून मंगळवारी सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला. या सोमवारी या म्हणाले. उद्या दुपारपर्यंत कळवायचंय.”

“मग जायचं की.”

“जायचं रे. पण बरोबर माणूस लागतो म्हणाले. दिवसभर थांबणारा. डोळ्यावर पट्टी असणार, घरी आणून सोडायचं, रात्री औषधाचे थेंब घालायचे. माणूस नसेल तर घेणार नाहीत. तारीख दुसऱ्याला देतील.” पेंटर थांबला. “माझ्याकडे माणूस कुठे आहे?”

होयबा पुढे सरकला. “मंगळवारीच का नाही सांगितलंस? मी लिहिलं होतं, न थांबणारं असेल तर सांग म्हणून.”

“थांबणारं होतं. शुक्रवारपर्यंत वेळ होता.” पेंटरने कप खाली ठेवला. “आणि खरं ऐकायचंय? मंगळवारी तू ‘हो येतो’ लिहिलं असतंस ना, तर आला असतास तरी मी तुला विचारलं नसतं. चहा पाजून, गप्पा मारून परत पाठवलं असतं. डोळ्याला पट्टी बांधून तुझी वाट बघत बसायची माझ्यात ताकद नाही. पण तू लिहिलंस, आज जमणार नाही. मी दोनदा वाचलं. म्हटलं, फोन कुणी चोरलाय की काय. मग वाटलं, हा माणूस आता नाही म्हणायला लागला, तर याच्या गुरुवारची वाट बघून पाहू. परवापासून मी तेच करतोय. बघ, आंघोळ करून चार वाजल्यापासून बसलोय. आता विचारतो. सोमवारी येशील?”

आणि इथे होयबाने काय केलं? जुना होयबा असता तर शब्द संपायच्या आत येतो म्हणाला असता. याच्या डोळ्यांत पाणी होतं, तोंड उघडलेलं होतं, तरी तो थांबला. म्हणाला, “एक मिनिट. सोमवारी एका पोराच्या पायाचं माप घ्यायचंय, मला वाटतं. विचारून घेतो.” त्याने तिथेच बसून मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, त्या पोराला मंगळवारी बोलावता येईल, त्याच्या आईला मी कळवते, तुम्ही सोमवारची रजा घ्या. मग बायकोला फोन लावला. ती म्हणाली, “रात्रीही तिथेच राहा. एकट्याला सोडू नका.”

हे सगळं चालू होतं तेवढा वेळ पेंटर त्याच्याकडे टक लावून बघत होता. पाठ धरलेला, डोळ्याने अधू झालेला तो तिखट माणूस, त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू असं हसू पसरत गेलं की होयबाला वाटलं, हे बघायला मिळालं यातच सगळं आलं. आपण या माणसाला एकदा जवळजवळ गमावलं होतं. त्याने परत हाक मारली, आणि त्या हाकेला आपण पहिल्यांदा खरं उत्तर दिलं, याबद्दल कुणाचे आभार मानावेत हे त्याला कळेना. मावशींचे, टपालवाल्या ताईंचे, की समोरच्या याच माणसाचे.

“येतो,” तो फोन ठेवून म्हणाला. “सोमवारी सकाळी तुला न्यायला येतो, रात्री इथेच राहतो. मंगळवारी सकाळी कामावर जावं लागेल, ते पोर यायचंय. संध्याकाळी परत येतो.”

“मंगळवारी सकाळी नाही?”

“मंगळवारी सकाळी नाही.”

पेंटरने मान हलवली. मग हात लांबवून चाचपडत फोन उचलला, डोळ्यांजवळ नेऊन नंबर शोधला आणि दवाखान्यात लावला. “सोमवारची तारीख मला चालेल,” तो म्हणाला. “हो, बरोबर माणूस आहे. मित्र आहे.”

पलीकडून बाईंनी काहीतरी विचारलं. गेल्या खेपेला एकाचा माणूस आलाच नाही, सगळी पंचाईत झाली, तुमचा नक्की येणार ना, असं काहीसं.

“नक्की येणार,” पेंटर म्हणाला. “त्याला नाही म्हणता येतं, म्हणून सांगतोय.”